एका फोटोच्या जागेत अख्खी गोष्ट

प्ले स्टोअरवर ‘स्टोरी गेम’ असं टाइप केलं की वरच्या रांगेत चकचकीत चित्रांचे गेम येतात. त्यातले बरेचसे आधी एखादा जीबी जागा खातात आणि उघडल्यावर पुढची प्रकरणं डाउनलोड करायला पुन्हा नेट मागतात. ३२ जीबीच्या, फोटो आणि व्हॉट्सॲपने गच्च भरलेल्या फोनवर त्यांचा निभाव लागत नाही.

पण ही जागा गोष्ट खात नाही. ती खातात चित्रं, आवाज आणि व्हिडिओ. ज्यूल व्हर्नच्या जगप्रवासावर बेतलेला ‘८० डेज’ हा इंकल स्टुडिओचा २०१४ मधला गेम घ्या. त्यात पाच लाखांहून जास्त शब्द आहेत. इंग्रजी शब्दाला पुढच्या मोकळ्या जागेसकट साधारण सहा बाइट धरले, तर पाच लाख शब्दांचे होतात तीन एमबी. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही तेवढी जागा घेतो. ‘८० डेज’ प्रत्यक्षात याहून कितीतरी मोठा आहे, तो नकाशे, चित्रं आणि संगीतामुळे.

म्हणून ज्यांच्याकडे जागाही नाही आणि नेटही भरवशाचं नाही, त्यांनी शब्दांवर चालणाऱ्या गेमकडे वळावं. या प्रकाराचा उगम जुना आहे. एमआयटीतल्या तरुणांनी १९७७ मध्ये मोठ्या संगणकावर ‘झॉर्क’ लिहायला घेतला. तो घरगुती संगणकांत मावेना, तेव्हा १९७९ मध्ये जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी ‘झेड-मशीन’ नावाचा एक काल्पनिक संगणक रचला. गेम त्याच्यासाठी एकदाच लिहायचा आणि प्रत्येक खऱ्या यंत्रावर त्याची नक्कल करणारा छोटा प्रोग्राम ठेवायचा, अशी ही युक्ती. मजकूरही दाबून बसवलेला असे: दोन बाइटमध्ये तीन अक्षरं. आजही झेड-मशीनच्या सर्वांत मोठ्या नेहमीच्या फाइलची मर्यादा ५१२ केबी, म्हणजे अर्धा एमबी आहे.

असा गेम फोनवर आणायला दोन गोष्टी लागतात: नक्कल करणारं ॲप आणि गोष्टीची फाइल. आयफोनसाठी ‘फ्रॉट्झ’ आहे, अँड्रॉइडसाठी ‘फॅब्युलेरियम’ आणि ‘टेक्स्ट फिक्शन’. मात्र जुनं ॲप नव्या फोनवर चालतंय ना, हे आधी पाहावं. फाइली ifdb.org या सूचीतून शोधता येतात. त्यातल्या पुष्कळ फुकट आहेत. एखाद्या दिवशी वायफाय मिळालं की पाच-सहा उतरवून ठेवल्या तरी चालतं.

सुरुवात करायला ‘लॉस्ट पिग’ उत्तम. २००७ मध्ये त्याने इंटरॅक्टिव्ह फिक्शनची वार्षिक स्पर्धा जिंकली. ग्रंक नावाचा एक राक्षसजातीचा गडी शेतावरून पळालेलं डुक्कर शोधत रात्री जंगलात फिरतो आणि जमिनीखाली जाऊन पोचतो. गोष्ट तोच सांगतो, मोडक्यातोडक्या छोट्या वाक्यांत. त्यामुळे इंग्रजी कच्चं असलेल्यालाही ती झेपते. खेळणारा `look`, `take torch`, `ask gnome about pig` असे हुकूम टाइप करतो. काही बिघडलं तर `undo` लिहिलं की एक पाऊल मागे येता येतं आणि `save` लिहिलं की खेळ जपला जातो.

हुकूम टाइप करायचा कंटाळा असेल तर पर्यायांतून निवड करायचे गेम आहेत. २०१५ च्या ‘लाइफलाइन’मध्ये एका परक्या उपग्रहावर अडकलेला टेलर संदेश पाठवत राहतो आणि त्याला काय करायचं ते आपण सांगायचं. टेलर काही कामाला गेला की उत्तर यायला खरोखरच तास-दोन तास लागतात, पण ते नेटवरून येत नाही. फोनमधलं घड्याळच ते पाठवतं.

कुठलाही नवा गेम घेताना ‘ऑफलाइन’ या वर्णनावर विसंबू नये. वायफायवर असतानाच तो उघडावा, एक प्रसंग खेळावा, ॲप पूर्ण बंद करावं आणि एअरप्लेन मोड लावून पुन्हा उघडावं. पुढचा प्रसंग चालू झाला तर ठीक. गोल चक्र फिरत राहिलं किंवा लॉग-इन मागितलं, तर तो प्रवासात दगा देणार. पैसे देऊन घेतलेला गेम असेल तर ही तपासणी परताव्याची मुदत संपायच्या आत करावी.

जागेचा खरा आकडाही तेव्हाच कळतो. स्टोअरवर दिसतो तो डाउनलोडचा आकार, आणि बसवल्यावर गेम बहुधा फुगतो. सेटिंग्जमध्ये त्या ॲपचं ‘Storage’ पान उघडलं की ॲप, डेटा आणि कॅशे वेगवेगळे दिसतात. जागा कमी पडली तर कॅशे बिनधास्त पुसावा. ‘Clear storage’ किंवा ‘Clear data’ला मात्र हात लावू नये, कारण जपलेला खेळही त्यासोबत जातो आणि ग्रंकला डुक्कर पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.