एकाच डब्यात शंभर इअरफोन

गर्दीच्या लोकल डब्यात कित्येकांच्या कानात ब्लूटूथ इअरफोन असतात, तरी शेजाऱ्याचं गाणं आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू न येण्याचं श्रेय सांकेतिक रूपाला आणि जोडणीच्या ओळखीला. पण लहरींची टक्कर टळते ती उड्यांमुळे.

फोन आणि त्याला जोडलेली उपकरणं मिळून एक पिकोनेट होतं. त्यात एक प्रमुख, आणि एका वेळी जास्तीत जास्त सात सक्रिय साथीदार. प्रमुखाचा पत्ता आणि घड्याळ यांवरून ठरलेल्या क्रमाने सगळे मिळून 79 वाहिन्यांवर सेकंदाला 1600 पर्यंत उड्या मारतात. शेजारच्या पिकोनेटचा क्रम निराळा असतो. दोघं क्वचित एकाच वाहिनीवर आले, तर बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो.

वायफायचं दुखणं वेगळं. ते साधारण 20 वाहिन्यांची जागा अडवून बसतं, म्हणजे दर चार उड्यांतली एक तिथेच पडणार. म्हणून 2003 च्या 1.2 आवृत्तीपासून ब्लूटूथ खराब वाहिन्या ओळखून वगळतं. मात्र किमान 20 वापराव्याच लागतात. राउटरजवळ आवाज तुटत असेल, तर वायफाय 5 गिगाहर्ट्झवर नेऊन पाहा. आवाज सुधारला, तर दोष गर्दीचा होता.

फोन इअरफोनचा प्रमुख आणि त्याच वेळी लॅपटॉपचा साथीदार असला, की दोन पिकोनेट जोडून स्कॅटरनेट होतं. घड्याळं मात्र दोन असतात. एकाकडे लक्ष देताना फोन दुसऱ्याकडे गैरहजर असतो, आणि गाणं अडखळतं ते बरेचदा इथेच.