डिझेलच्या टाकीत पेट्रोल: चावी फिरवल्यावर काय होतं?

डिझेल गाडीच्या टाकीत चुकून पेट्रोल गेलं, तर डॅशबोर्डवर काय दिसतं? सुरुवातीला काहीच नाही. इंधनाचा काटा वर चढतो, नेहमीचे दिवे लागून विझतात आणि गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. टाकीत काय ओतलं गेलं आहे हे ओळखणारा सेन्सर सर्वसाधारण गाडीत नसतो. टाकीतला फ्लोट पातळी मोजतो, आणि तो पेट्रोलवरही तरंगतो.

अहिल्यानगरच्या एमआयडीसी भागातून मनमाड रस्त्याने शिर्डीकडे निघालेली एक गाडी डोळ्यांसमोर आणू. टाकी पंचेचाळीस लिटरची, आत आठ लिटर डिझेल शिल्लक, आणि पंपावर घाईत पंचवीस लिटर पेट्रोल भरलं गेलं. टाकीतल्या तेहेतीस लिटरमध्ये आता चारातले तीन हिस्से पेट्रोल आहे. तरीही गाडी पंपावरून व्यवस्थित बाहेर पडते. कारण टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांत आणि डिझेल फिल्टरमध्ये जुनं, शुद्ध डिझेल भरलेलं असतं. ते संपेपर्यंत इंजिनाला फरक कळत नाही. वाहतूक किती आणि ॲक्सिलरेटर किती दाबला यावर अवलंबून, पहिले एक-दोन किलोमीटर असेच निघून जातात.

विळद घाट जवळ येतो तशी तक्रार सुरू होते. आधी पिकअप पडतो. मग इंजिनातून कर्कश टकटक ऐकू येते, गाडी धक्के देऊ लागते आणि मागून पांढरट धूर निघतो.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, तिचं तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. किती चटकन पेटतं याचं माप म्हणजे सीटेन अंक. आपल्याकडे बीएस-६ डिझेलसाठी तो किमान ५१ लागतो. पेट्रोलचा सीटेन अंक त्याच्या निम्माही भरत नाही, कारण पेट्रोल बनवलेलंच असतं ठिणगीची वाट पाहण्यासाठी, आपोआप न पेटण्यासाठी. त्यामुळे फवारा आत येतो, पण पेटायला उशीर करतो. तेवढ्यात आणखी इंधन साठतं आणि मग सगळं एकदम भडकतं. ती टकटक याची. काही वेळा ते पेटतच नाही आणि न जळलेल्या इंधनाची वाफ पांढरा धूर होऊन बाहेर पडते.

हे सगळं त्रासाचं असलं, तरी ज्या नुकसानीचा खर्च डोळे पांढरे करतो ती इथे होत नाही. ती इंजिनाशेजारच्या उच्चदाब पंपात होते. आजच्या कॉमन रेल गाड्यांत हा पंप डिझेलचा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत नेतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या तितक्याच पट. त्याच्या आतले दट्टे आणि कप्पे मायक्रॉनच्या हिशोबात घासूनपुसून बसवलेले असतात. त्यांना वेगळं ऑइल नसतं. वंगणाचं काम इंधनच करतं. डिझेल थोडं तेलकट असतं. शिवाय बीएस-६साठी गंधक १० पीपीएमपर्यंत खाली आणताना त्यातलं नैसर्गिक वंगणही कमी होतं, म्हणून तेल कंपन्या वंगण टिकवणारं रसायन मिसळतात. पेट्रोल याच्या उलट काम करतं. ते पातळ असतं आणि धातूवरचा तेलकट थर धुऊन काढतं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉलही असतं, ज्यातला काही वाटा या जिल्ह्यातल्याच साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांतून येतो. इथेनॉलमध्येही वंगण नाही, वर ते पाणी ओढून घेतं.

थर गेला की धातूवर धातू घासतो आणि बारीक कीस सुटतो. तो दाबाखालच्या इंधनाबरोबर रेलमध्ये आणि तिथून इंजेक्टरच्या अतिशय बारीक भोकांत शिरतो. उरलेलं इंधन परतीच्या नळीतून पुन्हा टाकीत जातं, म्हणजे कीसही टाकीत पोचतो. म्हणून एकटा पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, नळ्या असं सगळंच बदलायची वेळ येऊ शकते आणि बिल लाखाच्या पुढे जातं.

या काळात डॅशबोर्ड काय सांगतो? रेलवर दाबाचा सेन्सर असतो. इंजिनाचा संगणक ठरावीक दाब मागतो, पण पातळ पेट्रोल पंपाच्या आणि इंजेक्टरच्या फटींतून जास्त गळतं आणि तो दाब तयार होत नाही. संगणक पंपाला आणखी इंधन ओढू देतो, तरीही भागत नाही. मग इंजिनाचं पिवळं चिन्ह लागतं. काही गाड्यांत ग्लो प्लगच्या कॉइलचं चिन्ह लुकलुकतं. संगणक ताकद मर्यादित करतो किंवा इंजिन सरळ बंद पडतं. स्कॅनर लावला तर बहुधा `P0087` हा कोड मिळतो, म्हणजे रेलमधला दाब कमी.

पण तुंबलेल्या डिझेल फिल्टरनेही हाच कोड येतो. डॅशबोर्डला परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. ‘गाडी बंद पडली’ एवढंच सांगितलं, तर मेकॅनिक नवा फिल्टर बसवून पुन्हा सेल्फ मारू शकतो, आणि प्रत्येक सेल्फबरोबर उच्चदाब पंपातून पेट्रोल फिरतं. म्हणून पेट्रोल गेल्याची शंका असेल, तर ती आधी सांगावी. फिल्टरमधल्या इंधनाचा वास घेतला तरी शंका खरी-खोटी कळते.

चूक पंपावरच लक्षात आली तर चावी ऑनही करू नये. बऱ्याच गाड्यांत इग्निशन ऑन होताच टाकीतला विजेवरचा पंप इंधन पुढे ढकलू लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलत बाजूला घ्यावी. इंजिन सुरू झालंच नसेल, तर टाकी रिकामी करणं, नळ्या धुणं, फिल्टर बदलणं आणि ताजं डिझेल भरून हवा काढणं एवढ्यावर बहुतेकदा निभावतं. सुरू झालं असेल, तर काढलेला फिल्टर कापून त्यात चमकणारा कीस आहे का ते आधी पाहायला लावावं. कीस नसेल तर सुटका स्वस्तात होते.

‘दोनच लिटर गेलं, वरून डिझेलने टाकी फुल करा’ हा सल्ला जुन्या काळातला आहे. थंड देशांत हिवाळ्यात डिझेलमध्ये मेण साचू नये म्हणून काही उत्पादक थोडं पेट्रोल मिसळायला परवानगी देत. तेव्हाचे पंप कमी दाबाचे होते, आणि जुन्या ट्रकांच्या इनलाइन पंपात कॅम व बेअरिंग ऑइलमध्ये बुडालेले असत. पंचेचाळीस लिटरमध्ये दोन लिटर म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. एवढ्याने कॉमन रेल पंप लगेच जाम होईलच असं नाही, पण त्याची झीज किती वाढली हे बाहेरून मोजता येत नाही.

टाकी तोंडाने नळी ओढून स्वतः रिकामी करू नये. पेट्रोलची वाफ थंडीतही पेट घेते, आणि डिझेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं की टाकीतल्या मोकळ्या जागेत आगीला पोषक मिश्रण तयार होऊ शकतं.

पंपावरून निघण्याआधी पावती वाचायला दहा सेकंद पुरतात. तिच्यावर इंधनाचं नाव असतं: एमएस म्हणजे पेट्रोल, एचएसडी म्हणजे डिझेल. डिझेल गाडीच्या पावतीवर एमएस दिसलं, तर चावी खिशातच ठेवावी.