पिळाची पट्टी आणि पंपाचं बिल

एक मीटर लांब पत्र्याची पट्टी घ्यायची, एक टोक लेथच्या चकमध्ये पकडायचं, दुसरं ताणून धरायचं आणि चक हातानं सावकाश फिरवायचा. पट्टीला एकसारखा पीळ बसतो. ही पट्टी नळीत सरकवली की आतला द्रव सरळ न जाता गोल फिरत पुढे जातो.

त्यामुळे काय होतं, ते तेल गार करणाऱ्या कूलरमध्ये चांगलं कळतं. घट्ट तेल नळीतून मुकाट, थराथरानं सरकतं. भिंतीलगतचा थर गार होतो, मधलं तेल मात्र गरमच बाहेर पडतं. न ढवळलेल्या खिरीसारखंच, तळाला लागते आणि वर कोमट राहते. पट्टी हे ढवळण्याचं काम करते, तेही कुठलाही भाग न हलवता.

पण फिरत जायचं तर वाट लांबते, घासायला पट्टीचा पृष्ठभागही वाढतो. म्हणून तेवढाच प्रवाह ढकलायला पंपाला जास्त दाब द्यावा लागतो. ही किंमत परवडते का, हे नळीत काय वाहतंय त्यावर ठरतं.

समजा, २० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून पाणी जोरात, खळाळत जातंय. आत एक मिलिमीटर जाडीची पट्टी आहे, दर ६० मिलिमीटरला अर्धा पीळ. प्रचलित सूत्रांनी हिशेब केला, तर उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे दीडपट होते आणि दाबाची घट जवळपास पावणेचारपट. आता पट्टी काढून टाका आणि पंपाची तेवढीच जादा शक्ती साध्या नळीत पाणी वेगानं ढकलायला वापरा. वेग साधारण १.६ पट होतो आणि क्षमता तिथेही दीडपटीच्या जवळ पोचते. म्हणजे पाण्यात पट्टीनं वेगळं असं फार काही मिळवून दिलं नाही. नळ्या वाढवायला जागाच नसेल किंवा प्रवाह वाढवता येत नसेल, तरच ती घालावी.

संथ तेलाचं गणित उलटं आहे. पंपाची शक्ती चौपट केली तर वेग दुप्पट होतो, पण क्षमता जेमतेम सव्वापट वाढते. इथे नुसत्या जोरानं काम होत नाही, ढवळावंच लागतं. म्हणून माझ्या मते पट्टीची खरी जागा तेलाच्या नळीत आहे.

नळीची आतली भिंत खडबडीत करणं हा दुसरा उपाय. तो बरोबर याच्या उलट ठिकाणी लागू पडतो. खळाळत्या पाण्यातही भिंतीला एक अगदी पातळ, संथ थर चिकटलेला असतो. भिंतीवरचे उंचवटे त्या थरातून वर डोकावले, तरच तो मोडतो. संथ तेलात ते बारीक उंचवटे तेलातच बुडून राहतात, काही उपयोग होत नाही.

धुराच्या नळ्यांच्या बॉयलरमध्येही अशा पट्ट्या घालतात. तिथे काजळी साचली की दोन खुणा दिसतात: चिमणीतल्या धुराचं तापमान चढत जातं आणि भट्टीचा ओढा मंदावतो. अशा वेळी पट्टी बाहेर काढून नळी ब्रशनं साफ करावी लागते. म्हणून पट्टी ओढून काढता येईल इतकी सैल हवी, पण खडखडून नळी झिजवेल इतकी नको.