डिपॉझिट देण्याआधी तीन कागद

शेतजमिनीचा व्यवहार असला की आपण काय करतो? आधी सातबारा बघतो. जमीन कुणाच्या नावावर आहे, ते वाचल्याशिवाय आपल्याकडे कुणी इसार देत नाही. पण तीच आपली लेक पुण्याला नोकरीला लागते, फ्लॅट भाड्यानं बघते, आणि दार उघडून दाखवणारा माणूस हाच मालक, असं धरून आपण मोकळ्या होतो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. फ्लॅटला आपल्या ओळखीचा सातबारा नसतो. त्याऐवजी कोणते तीन कागद बघायचे, आणि त्यात नेमकं काय वाचायचं, ते सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी घडलेली गोष्ट आहे. त्यांची मुलगी हडपसर भागात एका दवाखान्यात लागली. बरोबरच्या दोन मुली आणि ही, अशा तिघींनी मिळून फ्लॅट बघितला. भाडं महिना १५ हजार, डिपॉझिट ४५ हजार, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला १५ हजार. शनिवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. “आई, आज पैसे टाकले नाहीत तर ते काका दुसऱ्यांना देणार आहेत गं.” ताई गटाकडे कर्ज मागायला आल्या. पैसे द्यायला कुणाची ना नव्हती. मी एवढंच विचारलं, “फ्लॅट त्या काकांचाच आहे, हे कशावरून?” ताई म्हणाल्या, “किल्ली त्यांच्याकडेच आहे की!”

किल्ली तर भाडेकरूकडेही असते, मैत्रिणींनो. म्हणून मुलींना सांगितलं, की दोन दिवस थांबा आणि काकांकडून इंडेक्स टू मागवून घ्या.

हा झाला पहिला कागद. फ्लॅटच्या खरेदीचा दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवतात. त्या दस्ताचा सारांश एका पानावर मिळतो, त्याला इंडेक्स टू किंवा सूची क्रमांक दोन म्हणतात. हा कागद मराठीत असतो आणि त्यात क्रमांक घालून ओळी दिलेल्या असतात. म्हणजे सातबारा वाचता येणाऱ्या बाईला हा सहज वाचता येतो.

काकांनी अर्ध्या तासात फोटो पाठवला. त्यात त्यांचं नाव होतं, फ्लॅटचा नंबरही बरोबर होता. मुली खूश झाल्या. पण पहिली ओळ असते ‘विलेखाचा प्रकार’, म्हणजे हा दस्त कशाचा आहे. तिथे लिहिलं होतं, ३६-अ, लिव्ह अँड लायसन्सेस. म्हणजे तो खरेदीचा कागद नव्हताच, भाडेकराराचा होता! भाडेकरार नोंदवला की त्याचाही इंडेक्स टू निघतो. काका स्वतःच त्या घरात भाड्यानं राहत होते. त्यांचा करार पुढच्या महिन्यात संपत होता, आणि जाता जाता ते तिघींकडून ४५ हजार घेऊ पाहत होते.

म्हणून इंडेक्स टूमधल्या तीन ओळी नीट लक्षात ठेवा. पहिल्या ओळीत करारनामा, खरेदीखत किंवा बक्षीसपत्र असं काहीतरी हवं. सातव्या ओळीत दस्त करून देणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे ज्यानं विकला त्याचं. बऱ्याचदा तिथे बिल्डरचं नाव दिसेल. आठव्या ओळीत दस्त करून घेणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे ज्यानं विकत घेतला त्याचं. आपल्याला घर भाड्यानं देणाऱ्याचं नाव या आठव्या ओळीत हवं. तिथे नवरा-बायको दोघांची नावं असतील, तर भाडेकरारावरही दोघांच्या सह्या घ्या.

फोटो खरा की खोटा, हेही ताडून बघता येतं. कागदाच्या वरच्या बाजूला दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव, दस्त क्रमांक आणि वर्ष छापलेलं असतं. नोंदणी विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये ते भरलं की मूळ नोंद दिसते. गावात सेतू केंद्र चालवणाऱ्या मुलाला सांगितलं तरी तो काढून देईल. एक मात्र आहे. मालकानं मूळ कागद दाखवला नाही, म्हणून लगेच संशय घेऊ नका. घरावर बँकेचं कर्ज असलं की मूळ कागद बँकेत ठेवलेले असतात, आणि मालकाच्या हातात झेरॉक्सच असते.

ते घर मुलींनी सोडलं. आठवड्यानं दुसरं मिळालं. या वेळी एक काकू होत्या. त्यांचा इंडेक्स टू खरेदीचा होता आणि आठव्या ओळीत त्यांचंच नाव होतं. मग मुली दुसऱ्या कागदाकडे वळल्या, म्हणजे सोसायटीकडे.

सोसायटीकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या. एक, आज सभासद म्हणून नाव कुणाचं आहे. इंडेक्स टूवरून खरेदी कळते, पण दहा वर्षांपूर्वी घेतलेला फ्लॅट मधल्या काळात विकलाही गेला असेल. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट असतं, त्याच्या मागच्या बाजूला फ्लॅट कुणाकडून कुणाकडे गेला ते लिहिलेलं असतं. ते नाही मिळालं तर चालू महिन्याचं मेंटेनन्सचं बिल मागा. त्यावर नाव आणि फ्लॅट नंबर, दोन्ही असतात.

दुसरी गोष्ट परवानगीची. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत असं आहे, की भाडेकरू ठेवायला सभासदाला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही. त्यानं आठ दिवस आधी लेखी कळवायचं, आणि नोंदवलेल्या भाडेकराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. हे काम मालकाचं असतं, भाडेकरूचं नाही. पण प्रत्यक्षात काय होतं? बऱ्याच सोसायट्या ना-हरकत पत्र मागतात, आणि एकट्या राहणाऱ्या मुली म्हटलं की नाक मुरडतात. कायदा आपल्या बाजूनं असला, तरी सामानाचा टेम्पो फाटकावर उभा असताना वॉचमनशी वाद घालून उपयोग नसतो. तोवर पैसे दिलेले असतात, आणि मालक म्हणतो, “तुम्ही सोसायटीचं बघून घ्या.”

म्हणून मुली आधीच सेक्रेटरींना जाऊन भेटल्या. विचारलं, “काका, हा फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? आम्ही तिघी नोकरी करणाऱ्या मुली राहायला आलो तर सोसायटीची काही हरकत आहे का?” सेक्रेटरी म्हणाले, फ्लॅट काकूंचाच आहे, हरकत काही नाही, फक्त काकूंचं पत्र आणि कराराची प्रत द्या. मुलींनी काकूंना सांगितलं, “काकू, ते पत्र आमच्यासमोर द्या, आणि पोच घेतलेली प्रत आम्हालाही द्या.” काकूंनी दिली.

तिसरा कागद म्हणजे मिळकत कराची पावती. गावातली घरपट्टी, तीच शहरात महापालिकेची असते. इथे मात्र मुलींना धक्का बसला. पावतीवर काकूंचं नावच नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. मुलीनं रात्री घाबरून फोन केला, “मावशी, हेही खोटंच निघालं वाटतं.”

मी म्हटलं, “थांब, इंडेक्स टूमधली सातवी ओळ वाच.” तिनं वाचली. पावतीवर जे नाव होतं, तेच नाव सातव्या ओळीत होतं. म्हणजे ज्यांच्याकडून काकूंनी फ्लॅट विकत घेतला, त्यांच्याच नावावर अजून कर येत होता. काकूंनी महापालिकेत नाव बदलून घ्यायचा अर्जच केला नव्हता. असं पुष्कळ ठिकाणी असतं. कराची पावती हा काही मालकीचा पुरावा नसतो. महापालिका कर कुणाच्या नावावर गोळा करते, एवढंच त्यावरून कळतं. म्हणून नुसती पावती दाखवून कुणी “मी मालक” म्हणालं तर धरू नका, आणि पावतीवर जुनं नाव दिसलं म्हणून चांगलं घर सोडूही नका. ते नाव सातव्या ओळीतल्या विकणाऱ्याशी जुळतं का, ते बघा. कुठेच जुळलं नाही, तर मात्र पैसे द्यायचे नाहीत.

मग पावती बघायची ती कशासाठी? थकबाकीसाठी. पावतीवर मिळकतीचा क्रमांक असतो. तो महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकला की किती बाकी आहे ते दिसतं. कर बरीच वर्षं थकला असेल, तर महापालिका त्या मिळकतीवर जप्तीची कारवाई करू शकते. कर मालकाचा थकलेला असतो, पण दारावर नोटीस लागते तेव्हा आत आपली मुलगी राहत असते. काकूंचा कर भरलेला होता. तरी मुलींनी करारात एक ओळ घालून घेतली, की मिळकत कर आणि सोसायटीची देणी मालकानं भरायची.

पैसे कधी दिले, तेही सांगते. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी करून नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी कायद्यानं मालकावर टाकली आहे. नोंदणीच्या वेळी आधार आणि अंगठा घेतात. त्यावरून माणूस तोच आहे एवढं कळतं. घर त्याचं आहे का, हे तिथे कुणी तपासत नाही. त्यामुळे करार नोंदवला म्हणजे सगळं झालं, असं समजू नका, आधी कागद बघाच. डिपॉझिटचा आकडा आणि घर सोडताना ते परत कधी मिळणार, हे दोन्ही करारात लिहून घ्या. ज्या दिवशी नोंदणी झाली, त्याच दिवशी मुलींनी ४५ हजार काकूंच्या बँक खात्यात भरले. इंडेक्स टूच्या आठव्या ओळीत जे नाव, त्याच नावाच्या खात्यात. भावाच्या, एजंटाच्या किंवा मुलाच्या खात्यात नाही.

मालक परगावी असेल आणि त्याच्या वतीनं दुसरं कुणी आलं, तर त्याच्याकडचं कुलमुखत्यारपत्र बघा आणि मालकाशी फोनवर स्वतः बोला. मालक वारले असतील, तर ते कुलमुखत्यारपत्र चालत नाही. मग सोसायटीत आता कुणाचं नाव लागलं आहे, हे विचारून पुढे जा.

ताईंची मुलगी त्या घरात राहायला गेली, आणि गटाचं कर्ज दर महिन्याला फेडते आहे. परवा ताई बैठकीत दुसऱ्या एका बाईला सांगत होत्या, “अगं, फोटो आला की आधी पहिली ओळ वाच. कागद खरेदीचा आहे का भाड्याचा, तेवढं बघ. आणि कळलं नाही तर मला दाखव.”