एक पेढी दुसरीत जाते तेव्हा

इचलकरंजीतली एक लहान यंत्रमागाची पेढी कल्पनेने समोर ठेवू. भागीदार दोन, थोरले आणि धाकटे. नफ्याची वाटणी ३:२. शेजारच्या गल्लीत दोन भावांची मोठी पेढी आहे आणि तिने ही लहान पेढी आपल्यात घ्यायचे ठरवले आहे. व्यवहार रोखीचा नाही. दोघे भागीदार मोठ्या पेढीत भागीदार म्हणूनच येणार आहेत. अशा वेळी चहाच्या टेबलावर पहिला प्रश्न निघतो तो एकच : द्यायचे किती?

थोरले ताळेबंद पुढे सरकवतात. यंत्रमाग ८ लाख, सूत आणि कापडाचा साठा ६ लाख, उधारीची येणी ५ लाख, टेम्पो २ लाख, बँकेत १ लाख. एकूण २२ लाख. दुसऱ्या बाजूला थोरल्यांचे भांडवल ९ लाख, धाकट्यांचे ६ लाख, राखीव निधी १ लाख, सूतवाल्यांची देणी ४ लाख आणि थोरल्यांच्या पत्नीचे कर्ज २ लाख. भांडवल आणि राखीव निधी मिळून १६ लाख होतात, तेवढेच द्या, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ताळेबंदातले आकडे खरेदीच्या दिवशीचे असतात, त्यातून घसारा वजा झालेला असतो. व्यवहार मात्र आजच्या किमतीवर होतो, आणि तोही फक्त त्या वस्तूंचा, ज्या घेणारा खरोखर घेतो.

म्हणून दोन्ही बाजू एकेका ओळीवर बोट ठेवून बोलतात. माग चांगल्या स्थितीत आहेत, त्यांची किंमत साडेनऊ लाख ठरते. साठ्यात न खपलेले कापड आहे, तो ५ लाख ४० हजारांवर येतो. उधारीतली सगळी वसूल होईल याची खात्री कुणालाच नाही. त्यामुळे दहा टक्के, म्हणजे ५० हजार, संशयित येण्यांपोटी बाजूला काढून साडेचार लाख धरतात. जुनी गिऱ्हाइके आणि बाजारातली पत यांचे, म्हणजे गुडविलचे, २ लाख ठरतात. टेम्पो आणि बँकेतली शिल्लक मोठी पेढी घेत नाही. सूतवाल्यांची ४ लाखांची देणी ती पत्करते, पत्नीचे कर्ज मात्र लहान पेढीनेच फेडायचे. घेतलेली मालमत्ता २१ लाख ४० हजार, त्यातून देणी ४ लाख वजा. उरलेले १७ लाख ४० हजार म्हणजे खरेदी मोबदला.

गुडविलच्या आकड्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. मात्र ती पेढीची मालमत्ताच आहे, हे भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे. मुंबईच्या एका कापूस पेढीतल्या मृत भागीदाराच्या वारसांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. त्यातही १९७० साली न्यायालयाने गुडविलमधला वारसांचा हिस्सा मान्य केला. वहीत आकडा दिसत नाही म्हणून ती सोडून द्यायची नसते.

आता १७ लाख ४० हजारांचे काय होते ते पाहू. लहान पेढीच्या वहीत मागांवर दीड लाख आणि गुडविलचे २ लाख वाढले, साठ्यात ६० हजार आणि उधारीत ५० हजार घटले. निव्वळ फायदा २ लाख ४० हजार. तो ३:२ ने वाटला जातो, राखीव निधीही तसाच. थोरल्यांचे ९ लाखांचे ११ लाख ४ हजार होतात. टेम्पो ते स्वतःच २ लाखांना ठेवून घेतात, म्हणून ९ लाख ४ हजार उरतात. धाकट्यांचे ७ लाख ३६ हजार. दोघांचे मिळून १६ लाख ४० हजार. मग मोबदल्यातला वरचा १ लाख कुठे गेला? पत्नीचे कर्ज २ लाख आणि हाती शिल्लक फक्त १ लाख, ती तूट भरायला. तेवढी रक्कम मोठी पेढी चेकने देते आणि बाकीचे दोघांच्या नावे भांडवल म्हणून लावते. इथे लहान पेढीचे प्रत्येक खाते शून्यावर यायला हवे. एखादे उघडे राहिले, तर राखीव निधी वाटायचा राहिला आहे का किंवा न घेतलेली एखादी वस्तू लोंबकळत आहे का, हे आधी तपासावे.

मोठ्या पेढीच्या वहीत सुरुवातीच्या नोंदी तीन. पहिली नोंद ‘व्यवसाय खरेदी’ खाते नावे, लहान पेढी जमा, १७ लाख ४० हजार. देणे किती झाले, एवढेच ती सांगते. दुसरी नोंद त्या खरेदीच्या पोटात काय आहे ते उलगडते : यंत्रमाग साडेनऊ लाख, साठा ५ लाख ४० हजार, येणी पूर्ण ५ लाख आणि गुडविल २ लाख नावे. देणी ४ लाख, संशयित येणी निधी ५० हजार आणि व्यवसाय खरेदी १७ लाख ४० हजार जमा. दोन्ही बाजू २१ लाख ९० हजार. येणी साडेचार लाख न लिहिता पूर्ण ५ लाख लिहून निधी वेगळा दाखवायचा, कारण गिऱ्हाइकांकडे मागायचा हक्क पूर्ण ५ लाखांचा आहे. तिसऱ्या नोंदीने देणे फिटते : लहान पेढी नावे, बँक १ लाख, थोरल्यांचे भांडवल ९ लाख ४ हजार आणि धाकट्यांचे ७ लाख ३६ हजार जमा. सूतवाल्यांच्या ४ लाखांपैकी ६० हजार मोठ्या पेढीचेच येणे असतील, तर नंतर देणी नावे आणि येणी जमा करून ते एकमेकांत वळते होतात. मोबदल्याला धक्का लागत नाही.

खरी गफलत या नोंदींच्या बाहेर होते. सगळे लक्ष लहान पेढीच्या किमतीवर असते, मोठ्या पेढीचे मूल्यांकन कुणी करतच नाही. समजा, भावांच्या गुडविलची किंमत ६ लाख आहे, पण त्यांच्या वहीत तिचा उल्लेख नाही. नव्या पेढीत भावांना प्रत्येकी ३० टक्के आणि नव्या दोघांना प्रत्येकी २० टक्के नफा मिळणार आहे. काहीच केले नाही, तर भावांनी वर्षानुवर्षे उभ्या केलेल्या नावलौकिकाचे प्रत्येकी १ लाख २० हजार नव्या दोघांच्या पदरात फुकट पडतात. स्वतः कमावलेली गुडविल वहीत मालमत्ता म्हणून दाखवू नये, असे लेखा मानक २६ सांगते. म्हणून भांडवल खात्यांतूनच दुरुस्ती करावी : थोरले आणि धाकटे प्रत्येकी १ लाख २० हजार नावे, दोन्ही भाऊ प्रत्येकी तेवढेच जमा. थोरल्यांचे भांडवल ७ लाख ८४ हजारांवर येते, धाकट्यांचे ६ लाख १६ हजारांवर. भावांची यंत्रे आणि साठा यांनाही हीच कसोटी लावावी लागते. किमती जुन्याच राहिल्या, तर नुकसान आधीच्या भागीदारांचे होते.

सूतवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांची ४ लाखांची देणी मोठ्या पेढीच्या वहीत गेली, तरी तेवढ्याने थोरले आणि धाकटे मोकळे होत नाहीत. भागीदारांची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक दोन्ही असते, आणि ती दुसऱ्यावर टाकायला सावकाराची संमती लागते. म्हणून प्रत्येक सूतवाल्याकडून ‘यापुढे मोठ्या पेढीकडूनच पैसे घेऊ’ असे लेखी घ्यावे. शिवाय लहान पेढी बंद झाल्याची जाहीर नोटीस देणेही आवश्यक असते. ती निघेपर्यंत जुन्या नावाने कुणी सूत उचलले, तर बिल थोरल्यांच्या आणि धाकट्यांच्या दारात येऊ शकते.