गैरसमजाचा खुलासा : 'हिंद स्वराज'चे उदाहरण

आपल्या जुन्या लेखनाचा वाचकांनी भलताच अर्थ लावला, तर खुलासा कसा करावा? असहकाराची चळवळ 'हिंद स्वराज'मध्ये (१९०९) वर्णिलेल्या स्वराज्यासाठीच आहे, असे काहींना वाटत होते. गांधीजींनी जानेवारी १९२१ मध्ये 'यंग इंडिया'त उत्तर दिले. त्यात जेवढे खरे होते, तेवढे त्यांनी आधी मान्य केले : त्या स्वराज्यासाठी आपण व्यक्तिशः झटतो. मग फरक सांगितला : सामुदायिक चळवळ मात्र लोकांच्या इच्छेनुसार संसदीय स्वराज्यासाठी आहे. पुस्तक त्यांनी मागे घेतले नाही. एका स्नेही स्त्रीच्या भावनेखातर फक्त एक शब्द काढला, आणि तेही उघड सांगितले. म्हणूनच मूळ मजकूर व खुलासा आजही शेजारी ठेवून पडताळता येतात.