कपात घटली, हातात किती आले?

१ जुलै २०१९ पासून कामगार विम्याचा, म्हणजे ईएसआयचा, कामगाराचा वाटा १.७५ टक्क्यांवरून ०.७५ टक्क्यावर आला. मालकाचा वाटाही ४.७५ वरून ३.२५ टक्के झाला. कारखान्याच्या फलकावर अशी सूचना लागली की पहिला प्रश्न असतो, हातात किती जास्त येणार?

महिना १६,००० रुपये मजुरी असलेल्या कामगाराचे २८० रुपये कापले जात, ते १२० झाले. म्हणजे १६० रुपये जास्त. पण जूनचा पगार जुलैत मिळाला तरी त्यावर जुनाच दर लागतो, कारण दर ठरतो तो काम केलेल्या महिन्यावरून. सूचनेत हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे, नाहीतर पहिल्याच पगाराला नाहक वाद होतो.

जुलैत १,००० रुपयांचा ओव्हरटाइम झाला, तर कपात १७,००० वर होईल. हिशेब येतो १२७ रुपये ५० पैसे. अपूर्ण रुपया वर धरतात, म्हणून १२८ कापले जातील. ही चूक नाही.

मालकाचा वाटा मात्र तुमच्या मजुरीतून कापता येत नाही. पगारपत्रकात तसे दिसले, तर लगेच विचारा.